‘एक्सलंट’ असेल तर मला का नाही घेतलं?

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शनिवार. माझी भाची, नुकतंच बारावं सरलेलं, मैदानावरून आली आणि बॅग सोफ्यावर टाकून सरळ आतल्या खोलीत गेली. बॅगेतून लॅमिनेट केलेला एक कागद डोकावत होता. सोनेरी किनार, कोपऱ्यात तिचा फोटो, मधे तक्ता. स्पीड: एक्सलंट. स्टॅमिना: व्हेरी गुड. टेक्निक: व्हेरी गुड. डिसिप्लिन: एक्सलंट. खाली शेरा: ‘कीप इट अप, चॅम्प!’

बहीण खूश. "दादा, बघ ना, जून ते ऑक्टोबर एवढी पावसापाण्याची नेली-आणली, त्याचं चीज झालं."

त्याच सकाळी रिलेचा संघ निवडला होता. चार धावणाऱ्या, दोन राखीव. भाची सातवी. रात्री जेवताना तिने मला विचारलं, "मामा, स्पीड एक्सलंट असेल तर मला का नाही घेतलं?"

वीस वर्षं या शहरात लोकांना प्रश्न विचारून पोट भरतोय. त्या पोरीच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि त्या सोनेरी कागदाकडेही नव्हतं.

शिबिराचं नाव लिहिणार नाही, कारण हा एका शिबिराचा विषयच नाही. त्यानंतर मी ओळखीतल्या पाच घरांतून मुलांचे रिपोर्ट मागवून पाहिले. क्रिकेट, पोहणं, स्केटिंग, काय वाट्टेल ते. पाचही रिपोर्टमध्ये ‘गुड’च्या खाली एकही शेरा नाही. दोन रिपोर्टमधला शेरा तर शब्दशः सारखा, फक्त नाव बदललेलं. मधे एकात ‘त्याने’च्या जागी ‘तिने’ करायचं राहून गेलं होतं.

आता कोणी म्हणेल, लहान मुलं आहेत, चार गोड शब्द लिहिले तर काय बिघडलं? बिघडतं ते सांगतो. बारा वर्षांच्या मुलीला आपण सातवे आलो हे माहीत असतं. ती मैदानावर होती, तिने पुढच्या सहा जणींच्या पाठी बघितल्या आहेत. तिच्या हातात ‘एक्सलंट’ दिलंत की ती दोनपैकी एक निष्कर्ष काढते. एक तर सरांनी मुद्दाम डावललं, नाहीतर सर जे बोलतात त्याला काही अर्थ नसतो. दोन्हीतला कुठलाही निष्कर्ष काढला तरी पुढच्या टर्मला सरांनी खरोखरची शाबासकी दिली तर ती तिला लागत नाही. खोटं कौतुक मुलांना फुगवतं असं आपण म्हणतो. माझं म्हणणं वेगळं आहे. ते कौतुकाची किंमतच घालवतं.

---

मग मी एका जुन्या ओळखीच्या सरांकडे गेलो. निवृत्त पीटी शिक्षक. तालुका स्पर्धांच्या बातम्या करायचो तेव्हापासूनची ओळख. आजही सकाळी चाळीसेक पोरं घेऊन मैदानावर असतात. भाची आधीची दोन वर्षं त्यांच्याकडेच होती, आणि नव्या शिबिरात गेल्यावरही अधूनमधून रविवारी त्यांच्याकडे धावायला जायची. सरांनी तो सोनेरी कागद उलटसुलट करून पाहिला आणि एकच प्रश्न विचारला.

"यात मोजलंय काय?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"अहो, स्पीड एक्सलंट म्हणजे किती सेकंद? जूनमध्ये किती होते? कुठे पळवलं? किती वेळा पळवलं? तुम्ही पत्रकार ना, ‘मोठ्या संख्येने लोक उपस्थित होते’ असं कोणी लिहून आणलं तर तुम्ही काय म्हणता?"

गप्प बसलो. कारण तशा बातम्या मी छापल्या आहेत. ‘शिबिराचा उत्साहात समारोप, सर्व खेळाडूंचा गौरव’ हे प्रेसनोटमधलं वाक्य मी कितीदा जसंच्या तसं लावलंय, त्याची गणती नाही.

सरांनी त्यांची वही काढली. त्यांच्याकडे रविवारी येणाऱ्या पोरांचंही ते जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस पडायच्या आधी, आणि दिवाळीआधी मोजमाप घेतात. भाचीचं पान होतं. ते पान मी इथे मांडतो, कारण खरा रिपोर्ट कसा लिहायचा हे त्या एका पानावरून मला जेवढं कळलं तेवढं कुठल्या सेमिनारमध्ये कळलं नसतं.

६० मीटर धाव, तीन वेळा. जून: ९.४, ९.५, ९.४. ऑक्टोबर: ९.५, ९.४, ९.६. तीनमधली मधली वेळ धरायची. म्हणजे जून ९.४, ऑक्टोबर ९.५.

मी म्हटलं, "म्हणजे स्लो झाली."

"थांबा," सर म्हणाले. "घड्याळ माझ्या अंगठ्यावर चालतं."

हा मुद्दा समजून घ्या, कारण अर्ध्याअधिक खोट्या रिपोर्टचं मूळ इथे आहे. हाताने घेतलेल्या वेळेत माणसाचा अंगठा असतो. शिट्टी वाजली, आवाज कानात गेला, मग अंगठा दबला. शेवटी पोर रेघेजवळ येताना दिसतं, तेव्हा अंगठा आधीच शिवशिवतो. म्हणून हाताची वेळ बहुतेकदा खऱ्यापेक्षा चांगलीच येते. याच कारणामुळे मोठ्या स्पर्धांत टाइमकीपरला पिस्तुलाच्या आवाजावर नाही, तर ठिणगी किंवा धूर दिसल्यावर घड्याळ सुरू करायला सांगतात. हाताची वेळ नेहमी वरच्या दशांशात धरतात, ९.४३ दिसलं तर ९.५ लिहायचं. आणि १०० मीटरला हाताची वेळ इलेक्ट्रॉनिक वेळेशी ताडायची झाली तर तिच्यात ०.२४ सेकंद मिळवायची पद्धत आहे.

आता आपल्या शिबिरांत काय चालतं बघा. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर ९.४३ येतं आणि रिपोर्टवर ‘९.४३’ छापलं जातं. दोन दशांश स्थळं बघून पालकांना वाटतं काय अचूक मोजलंय. पुढे तेच पोर बालेवाडीला इलेक्ट्रॉनिक घड्याळावर धावतं, वेळ पाव सेकंदाने जास्त येते आणि घरी परतताना गाडीत कोणी त्याच्याशी बोलत नाही. पोर हळू धावलेलंच नसतं. आधीची वेळच लाडाची होती.

सरांचा स्वतःचा नियम साधा आहे. त्यांच्या घड्याळावर ६० मीटरला तीन दशांशांपेक्षा कमी फरक असेल तर ते त्याला प्रगतीही म्हणत नाहीत आणि घसरणही म्हणत नाहीत. ‘तेवढीच’ म्हणतात. मोजायचं ते त्याच मैदानावर, त्याच दिशेने, फक्की मारलेल्या त्याच साठ मीटरवर, त्याच तऱ्हेच्या बुटांत, आणि चिखल नसताना. जूनला कोरड्यात आणि ऑगस्टला राड्यात पळवून तुलना करणं म्हणजे मोकळ्या रस्त्यावरची रिक्षा आणि पत्रीपुलाच्या ट्रॅफिकमधली रिक्षा यांची शर्यत लावणं.

म्हणजे पहिलं खरं वाक्य मिळालं: वेग तेवढाच आहे. ‘एक्सलंट’ नाही, आणि ‘स्लो’ पण नाही.

---

पण सरांचं पान तिथे संपत नव्हतं.

६०० मीटर: जूनला २ मिनिटं ३१ सेकंद, ऑक्टोबरला २ मिनिटं १८. इथे तेरा सेकंदांचा फरक आहे, अंगठ्याच्या चुकीने एवढा पडत नाही. उभ्याने लांब उडी, ज्याला मुलं स्टँडिंग ब्रॉड जंप म्हणतात: १ मीटर ५४ वरून १ मीटर ६३. नऊ सेंटिमीटर. हीसुद्धा खरी वाढ. आणि शेवटच्या ओळीत उंची: साडेचार महिन्यांत ३ सेंटिमीटर वाढलेली.

"वर्षाच्या हिशेबाने किती होते?" सरांनी विचारलं. मी आकडेमोड केली. आठ.

"मग कळलं ना?"

नव्हतं कळलं. त्यांनी समजावलं. मुली साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलगे चौदाव्याच्या आसपास सगळ्यात झपाट्याने उंच होतात. त्यात पाय आधी लांबतात, धड मागून येतं. शरीराला स्वतःच्याच नव्या पायांची सवय व्हायला वेळ लागतो. काही मुलांची त्या काळात धाव बेंगरूळ होते, वेळ अडकून बसते. सरांनी मोबाइलमधले दोन व्हिडिओ दाखवले आणि पावलं मोजायला लावली. मी तीनदा मोजली. जूनला ६० मीटरमध्ये ४१ पावलं. ऑक्टोबरला ३९.

वेग म्हणजे पावलाची लांबी आणि पावलांची घाई यांचा गुणाकार. भाचीचं पाऊल लांब झालं, पण घाई कमी झाली. जूनला सेकंदाला सव्वाचारच्या वर पावलं पडत होती, ऑक्टोबरला चारच्या थोडी वर. एकाने दिलं, दुसऱ्याने नेलं. व्हिडिओ हळू करून पाहिला तर दिसतंच की पाऊल शरीराच्या खाली पडायच्या ऐवजी पुढे जाऊन पडतंय, म्हणजे प्रत्येक पावलाला थोडासा ब्रेक.

आता सांगा, त्या पोरीला आणि तिच्या आईला हे कळायला हवं होतं की नको? सोनेरी कागदावर यातलं एक अक्षर नव्हतं. उलट, जिथे तिने खरोखर मेहनतीने कमावलं, त्या ६०० मीटरला फक्त ‘व्हेरी गुड’, आणि जिथे अडकली तिथे ‘एक्सलंट’. म्हणजे खोटं कौतुक तर झालंच, पण खरं कौतुकही राहून गेलं. माझा सगळ्यात मोठा राग यावर आहे.

---

सरांनी मग माझ्यासमोर बसून भाचीसाठी रिपोर्ट लिहिला. एका फुलस्केप कागदावर, बॉलपेनने. जसाच्या तसा देतो, नाव सोडून.

"तू या टर्ममध्ये रविवार धरून ५४ पैकी ४७ दिवस मैदानावर होतीस. (गणपतीचा आठवडा सगळ्यांना सुट्टी.)

६०० मीटर २.३१ वरून २.१८ वर आणलंस. ही या टर्ममधली तुझी सगळ्यात मोठी कमाई. जुलैत तू पहिल्या तीनशेतच जोर संपवायचीस, आता दोन्ही तीनशे जवळपास सारखे धावतेस.

उडी नऊ सेंटिमीटरने वाढली. पायात ताकद येते आहे.

६० मीटरची वेळ तेवढीच आहे. तू उंच होते आहेस, पाऊल लांब पडतं पण पटपट उचललं जात नाही. हे या वयात होतं. रिलेसाठी पहिल्या सहा घेतल्या, आज तुझी वेळ त्यांच्या मागे आहे, म्हणून तू नव्हतीस.

पुढच्या टर्मला एकच काम: पटपट पावलं. आठवड्यातून दोनदा दोरीच्या उड्या आणि जमिनीवर जवळजवळ ठेवलेल्या पट्ट्यांवरून धाव. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा व्हिडिओ काढून पावलं मोजू. गुडघ्याच्या खाली किंवा टाचेत दुखलं तर लपवू नकोस, त्याच दिवशी सांग."

बस. एवढंच. विशेषण एक नाही. पण मला सांगा, हा रिपोर्ट वाचून कुठली मुलगी खचेल?

यात काय काय आहे ते नीट बघा. रिपोर्ट पोरीला उद्देशून आहे, फी भरणाऱ्या आईबापाला नाही. तुलना तिच्याच जूनशी आहे, शेजारच्या मुलीशी नाही. निवड का झाली नाही ते एका वाक्यात सरळ लिहिलंय, त्याला साखर लावलेली नाही, पण कारणही दिलंय. ‘मेहनत घे’ असं मोघम सांगितलेलं नाही. काय करायचं, आठवड्यातून किती वेळा आणि पुन्हा कधी मोजायचं ते आहे. आणि काय नाहीये तेही बघा. वजन नाही. सर वजन वहीत लिहितात, रिपोर्टवर कधीच नाही. म्हणाले, "बारा-तेराच्या मुलीला कागदावर ‘वजन कमी करा’ लिहिलं की ती दुसऱ्या दिवशी डबा अर्धा टाकते. वाढीच्या वयात. ते बोलायचं असेल तर आईशी, समोर बसून, आणि गरज असेल तर डॉक्टरांकडे पाठवून."

---

हे वाचून काही प्रशिक्षक मित्र चिडतील. त्यांची बाजू मला माहीत आहे, कारण फोनवर ती ऐकून झाली आहे.

पहिली तक्रार: वेळ कुठे आहे? चाळीस-चाळीस पोरं असतात. मान्य. पण सरांकडेही चाळीसच आहेत आणि मदतीला दोन कॉलेजची पोरं. रोज आठ मुलं मोजली तर पाच दिवसांत मोजमाप संपतं. एक रिपोर्ट लिहायला दहा मिनिटं धरली तर चाळीसचे चारशे मिनिटं, सात तासही नाहीत. साडेचार महिन्यांची फी घेऊन सात तास बसता येत नसेल तर लॅमिनेशनचे पैसे तरी घेऊ नका.

दुसरी तक्रार खरी आहे आणि ती आपल्याबद्दल आहे, पालकांबद्दल. "खरं लिहिलं की पोरगं काढून दुसऱ्या क्लासला घालतात." असं होतं. एका प्रशिक्षकाने मला सांगितलं, त्याने एका मुलाच्या रिपोर्टवर ‘स्टार्ट कच्चा’ लिहिलं, तर बाप तो कागद घेऊन भांडायला आला. बाजारात तीन शिबिरं ‘एक्सलंट’ वाटत असतील तर चौथा ‘तेवढीच’ कसं लिहिणार? पण यावर उपाय शब्द गोड करणं नाही. आकडा समोर ठेवणं आहे. ‘स्टार्ट कच्चा’ हे मत झालं, मताशी बाप भांडेल. "शिट्टीनंतर पहिलं पाऊल टाकताना तो उभाच राहतो, हा व्हिडिओ बघा" याच्याशी काय भांडणार?

आणि उलट बाजूचं खोटं याहून वाईट आहे. ‘राष्ट्रीय पातळीची क्षमता’, ‘भावी चॅम्पियन’. असा एक रिपोर्ट त्या पाचांत होता. मुलगा तेरा वर्षांचा, वर्गातल्या सगळ्यांपेक्षा डोकंभर उंच, मिसरूड फुटलेली. अर्थातच तो आज सगळ्यांच्या पुढे आहे. त्याचं शरीर दोन वर्षं आधी मोठं झालंय. एकाच वयोगटात जानेवारीत जन्मलेलं आणि डिसेंबरात जन्मलेलं पोर धावतं तेव्हाही हेच होतं. कॅनडातल्या आइस हॉकीत १९८०च्या दशकात अभ्यासकांनी दाखवून दिलं होतं की वरच्या संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांचीच गर्दी असते. त्या मुलाला ‘चॅम्पियन’ लिहून दिलं आणि पंधराव्या वर्षी बाकीचे त्याच्या उंचीला आले की तो मागे पडणार, आणि त्याला वाटणार आपलं काहीतरी बिघडलं. त्याच्या रिपोर्टवर खरं वाक्य असं हवं: ‘सध्या तुला उंचीचा फायदा मिळतो आहे, म्हणून आत्ताच तंत्र पक्कं कर.’ हे वाक्य त्याला पंधराव्या वर्षी वाचवेल.

तेराव्या वर्षी कोण काय होईल हे कागदावर लिहिणारा माणूस फेकतो आहे, एवढं पक्कं समजा. आपल्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लष्करात गेल्यावर, विशीत, स्टीपलचेसकडे वळला. २०२२ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्यपदक आणलं. तो तेरा वर्षांचा असताना कुठल्या शिबिराने त्याच्या नावापुढे काय लिहिलं असतं? म्हणून रिपोर्टमध्ये भविष्य नको. गेल्या साडेचार महिन्यांत काय झालं आणि पुढच्या तीन महिन्यांत काय करायचं, एवढंच लिहा. तेवढंच माणसाला माहीत असतं.

---

पालकांनो, दिवाळीत घरातले रिपोर्ट काढा आणि तीन गोष्टी शोधा. टर्मच्या सुरुवातीचा आकडा आहे का? तो कुठे, कसा मोजला ते सांगता येतं का? पुढच्या टर्मला करायचं एक नेमकं काम लिहिलंय का? नसेल तर प्रशिक्षकांना जाऊन विचारा. भांडू नका, विचारा. आणि त्यांनी ‘तेवढीच आहे’ असं खरं सांगितलं तर त्यांच्यावर चिडू नका, नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा सोनेरी किनारच मिळेल. कॉमेंटमध्ये रिपोर्टचे फोटो टाकू नका प्लीज, त्यावर मुलांची नावं आणि चेहरे असतात. काय लिहिलं होतं तेवढं सांगा.

भाचीला सरांचा कागद दिला तेव्हा तिने तो दोनदा वाचला. रिलेच्या ओळीपाशी थांबली. मला वाटलं आता रडते. तर म्हणाली, "म्हणजे मी स्लो नाही झाले? पाय लांब झाले?"

"हो."

"आणि सहाशे मीटर तेरा सेकंद?"

"तेरा."

सोनेरी कागद अजून सोफ्याशेजारच्या टीपॉयवर पडून आहे. फुलस्केप तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. काल खालच्या मजल्यावरच्या काकू तक्रार करत होत्या, संध्याकाळी गच्चीवर कोणीतरी दोरीच्या उड्या मारतं म्हणून.